गोल थोडे, नावं फार

क्रिकेटवर पोसलेला माणूस पहिल्यांदा फुटबॉल पाहायला बसला की त्याला सगळ्यात आधी खटकतो तो धावफलक. बावीस माणसं दीड तास जीव तोडून धावतात, हजारो माणसं घसा बसेपर्यंत ओरडतात आणि शेवटी फलकावर दिसतं काय, तर एक आणि शून्य. कधी कधी तर शून्य आणि शून्य. आपल्याकडे यापेक्षा जास्त धावा नुसत्या वाइडच्या मिळतात. आमच्या आत्याने गावसकरच्या काळापासून क्रिकेट पाहिलेलं. तिला मी पहिल्यांदा फुटबॉलसमोर बसवलं तेव्हा अर्धा तास गप्प राहून ती म्हणाली, "अरे, अजून कुणी खातंच उघडलं नाही. मग हा समालोचक एवढा कशाला किंचाळतोय?"

समालोचक किंचाळतो, कारण त्याचं पोट टंचाईवर चालतं. 2022 च्या विश्वचषकात 64 सामन्यांत 172 गोल झाले. म्हणजे सामन्यामागे तीनसुद्धा नाहीत, आणि तेही दोन्ही संघांचे मिळून. क्रिकेटमध्ये दोन धावा काढणाऱ्याकडे त्याची सख्खी आईही वळून पाहत नाही. इथे मात्र एकाने दोन गोल केले की त्या पराक्रमाला खास नाव. तीन केले तर नाव आणि वर चेंडू बक्षीस. एकही गोल होऊ दिला नाही, म्हणजे काही घडलंच नाही, तर त्या न घडण्यालाही नाव. इतकंच काय, गोल झाला नाही पण समोरच्याची भर मैदानात फजिती झाली, तर त्या फजितीलाही नाव. ही एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं.

कोल्हापूरकरांनी आणि गोवेकरांनी इथून पुढे वाचलं नाही तरी चालेल. ज्या गावात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींची नावं ऐकून शाहू स्टेडियमकडे गर्दी वळते, तिथल्या माणसाला ब्रेस म्हणजे काय हे सांगायला जाणं धोक्याचं आहे. तो आपल्याला आणखी चार गोष्टी शिकवून परत पाठवेल. हा लेख उरलेल्यांसाठी. विश्वचषक आला की घरात कुणीतरी टीव्ही लावतं म्हणून बसणाऱ्यांसाठी, आणि सगळे ओरडले की आपणही ओरडायचं, एवढाच नियम ठाऊक असलेल्यांसाठी.

सुरुवात ब्रेसपासून करू, कारण तो सगळ्यात गरीब आहे. एकाच खेळाडूने एकाच सामन्यात दोन गोल केले की ब्रेस झाला. दातांच्या तारांशी त्याचा संबंध नाही. इंग्रज शिकारी तितराची किंवा बदकाची जोडी मारून आणत, तेव्हा त्या जोडीला ब्रेस म्हणत. दोन पक्षी कमरेला लटकवून ऐटीत घरी येणारा साहेब डोळ्यांपुढे आणला की दुसरा गोल करून हात पसरत धावणारा आघाडीपटू आपोआप समजतो.

नियम सरळ आहेत. दोन्ही गोल लागोपाठ झाले पाहिजेत असं नाही. एक पेनल्टीवर असला तरी चालतो. जादा वेळेतला असला तरी चालतो. कतारमध्ये 18 डिसेंबर 2022 ला अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात अंतिम सामना झाला. आपल्याकडे तो रात्री साडेआठला सुरू झाला, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी, आणि त्यामुळे फुटबॉलशी काडीचा संबंध नसलेल्या कितीतरी घरांत तो पाहिला गेला. त्यात लिओनेल मेस्सीने पहिला गोल केला 23 व्या मिनिटाला, पेनल्टीवर. दुसरा 108 व्या मिनिटाला, जादा वेळेत. दोघांत पंच्याऐंशी मिनिटांचं अंतर. तरी तो ब्रेसच.

"म्हणजे जेवणाआधी एक आणि आवराआवर झाल्यावर एक," आत्या म्हणाली. तिने व्याख्या बरोबर पकडली होती.

पण ब्रेस करणाऱ्याची अडचण अशी, की त्याचं कौतुक अर्धवट असतं. दोन गोल झाले की समालोचक त्याचं अभिनंदन करत नाही, त्याच्याकडे तिसरा मागू लागतो. घड्याळात मिनिटं किती उरली, पेनल्टी मिळाली तर मारणार कोण, प्रशिक्षक त्याला आता बाहेर तर बोलावणार नाही ना, असली चौकशी सुरू होते.

तो तिसरा मिळाला की हॅटट्रिक. हा शब्द आपल्या घरचाच आहे, म्हणजे क्रिकेटचा. 1858 मध्ये शेफील्डला एच. एच. स्टीफनसन या गोलंदाजाने सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी भेट दिली, तिथून शब्द निघाला असं सांगतात. फुटबॉलवाल्यांनी तो उचलला, आणि उचलताना त्यातली मुख्य अट मैदानाबाहेर ठेवून आले. क्रिकेटमध्ये हॅटट्रिक म्हणजे लागोपाठ. मधे एक चेंडू जरी वाया गेला तरी संपलं. फुटबॉलमध्ये तीन गोलांच्या मधे कितीही वेळ जाऊ दे, मध्यंतर होऊ दे, दुसऱ्यांनी वाटेल तितके गोल करू देत, एका खेळाडूच्या नावावर सामन्यात तीन लागले की हॅटट्रिक पक्की.

क्रिकेटची सवय असलेल्याला हे पचत नाही. त्याच अंतिम सामन्यात फ्रान्सच्या किलियन एम्बापेने 80 व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि 81 व्या मिनिटाला दुसरा. आत्याने ताटातला हात थांबवला. मग जादा वेळेत मेस्सीने मधेच आपला दुसरा गोल घातला. आणि 118 व्या मिनिटाला एम्बापेने आणखी एक पेनल्टी मारून तिसरा.

"हॅटट्रिक!" मी ओरडलो.

"कसली हॅटट्रिक? मधे तो मेस्सी नाही का आला?" आत्या म्हणाली. "आमच्या चेतन शर्माने तीन घेतले ते सलग तीन चेंडूंवर, आणि तिघांच्याही दांड्या उडवून. मधे कुणाला येऊ दिलं होतं का?"

आत्याला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तिच्या बाजूने आख्खा जर्मनी उभा आहे. जर्मन माणूस शिस्तीचा. त्याच्या जुन्या व्याख्येत खरी हॅटट्रिक म्हणजे एकाच खेळाडूचे तीन गोल, एकाच अर्धात, आणि मधे दुसऱ्या कुणाचाही गोल नको. या मापाने एम्बापेची हॅटट्रिक बाद होते. आणि गंमत पुढेच आहे. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक करणारा एम्बापेच्या आधीचा एकमेव खेळाडू म्हणजे इंग्लंडचा जेफ हर्स्ट. 1966 सालची, वेम्बलीवरची गोष्ट. त्याचे गोल 18 व्या, 101 व्या आणि 120 व्या मिनिटाला झाले आणि मधे दोन्ही संघांनी एकेक गोल घालून घेतला. म्हणजे जर्मन हिशेबाने तीही बाद. पण ते तीन गोल झाले होते नेमके पश्चिम जर्मनीवर, आणि विश्वचषक इंग्लंडच्या कपाटात गेल्यावर व्याख्येचं पुस्तक उघडून काही उपयोग नसतो.

जर्मनांनी आपला हिशोब दुसऱ्या मार्गाने चुकता केला. हॅटट्रिक करणाऱ्याने सामन्याचा चेंडू घरी न्यायचा अशी प्रथा आहे. सहकारी त्यावर सह्या करतात आणि तो काचेच्या कपाटात जातो. हर्स्ट विजयाच्या धांदलीत असताना चेंडू उचलला पश्चिम जर्मनीच्या हेल्मुट हालरने, आणि आपल्या मुलासाठी म्हणून तो थेट जर्मनीला नेला. हर्स्टचा चेंडू इंग्लंडला परत मिळाला 1996 मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. हॅटट्रिक करायला त्याला दोन तास लागले, तिची पावती मिळायला तीन दशकं.

हॅटट्रिकच्या हिशोबात नवा प्रेक्षक दोन ठिकाणी हमखास चुकतो, तेवढी दोन ठिकाणं पाहून ठेवू. पहिलं म्हणजे पेनल्टी आणि पेनल्टी शूटआउट यांतला फरक. सामना चालू असताना मिळालेल्या पेनल्टीवरचा गोल खेळाडूच्या खात्यात जमा होतो. पण सामना बरोबरीत सुटला की निकालासाठी दोन्ही संघ आळीपाळीने पेनल्टी मारतात, ते शूटआउट. त्यात चेंडू जाळ्यात गेला तरी तो खेळाडूचा गोल धरत नाहीत. तो फक्त कोण जिंकलं हे ठरवायला कामी येतो. कतारमध्ये सामना 3-3 असा सुटला आणि शूटआउटमध्ये फ्रान्सचा पहिला फटका एम्बापेनेच मारला, तोही जाळ्यात. म्हणजे त्या रात्री त्याने अर्जेंटिनाच्या जाळ्यात चार वेळा चेंडू घातला. नावावर लागले तीन. आणि फ्रान्स शूटआउटमध्ये 4-2 ने हरला. अंतिम सामन्यात हॅटट्रिक करून रडत घरी जावं लागलं असा पुरुषांच्या विश्वचषकात तो एकटाच. आत्याला हे ऐकून एम्बापेची इतकी दया आली की तिने मधे आलेला मेस्सी माफ करून त्याला हॅटट्रिक देऊन टाकली.

दुसरं ठिकाण स्वयंगोलाचं. बचावपटूच्या अंगाला लागून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला तर तो गोल कुणाचा? सर्वसाधारण संकेत असा, की फटका मुळात गोलच्या दिशेने जात असेल आणि वाटेत कुणाला चाटून गेला, तर गोल मारणाऱ्याचा. फटका बाहेर चालला होता आणि बचावपटूने तो आत वळवला, तर स्वयंगोल, आणि तो त्या बिचाऱ्याच्या नावाने जन्मभर नोंदला जातो. आघाडीपटू अशा गोलावर हक्क सांगायला कधीच विसरत नाहीत. चेंडू आपल्या बुटाला लागला, केसांना लागला, निदान आपल्या मनात तरी तो आत जाणार होता, असं त्यांचं म्हणणं असतं. इंग्लंडमध्ये या भांडणांचा निवाडा करायला खास मंडळ होतं आणि लोकांनी त्याला नाव दिलं होतं संशयास्पद गोल समिती. गोल इतके मोजके, की त्यांच्या पितृत्वासाठी समिती नेमावी लागते.

हॅटट्रिकमध्ये आणखी एक सोवळं कूळ आहे, परफेक्ट हॅटट्रिक. एक गोल उजव्या पायाने, एक डाव्याने आणि एक डोक्याने. क्रम कोणताही. ही फार क्वचित जमते, कारण बहुतेक खेळाडूंचा एक पाय कामाचा असतो आणि दुसरा नुसता उभं राहण्यापुरता.

आता गोल न होण्याकडे येऊ. संपूर्ण सामन्यात एखाद्या संघाने एकही गोल होऊ दिला नाही तर त्या संघाची क्लीन शीट. पूर्वी वार्ताहर कागदावर गोलांची नोंद करत आणि गोलच झाला नाही तर कागद कोरा राही, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. वाण्याच्या उधारीच्या वहीत आपल्या नावाचं पान महिनाअखेर कोरं असावं, तसा हा आनंद आहे. काही मिळवलं म्हणून नव्हे, काही द्यावं लागलं नाही म्हणून.

कागद कोरा राखतो सगळा संघ, पण श्रेय बहुतेक वेळा गोलरक्षकाच्या नावावर मांडतात. यात थोडा अन्यायही आहे आणि थोडी मजाही. पुढचे बचावपटू इतके दमदार असतात, की कधी कधी गोलरक्षकाला दीड तासात एकही अवघड चेंडू येत नाही. तो नुसता जागच्या जागी उड्या मारून अंग गरम ठेवतो, आणि शेवटी क्लीन शीट त्याचीच. उलट दुसऱ्या एखाद्याने दहा अशक्य चेंडू अडवले आणि अकरावा सुटला, तर त्याच्या कागदावर डाग. चेल्सीच्या पेत्र चेखने 2004-05 च्या प्रीमियर लीगमध्ये 24 क्लीन शीट राखल्या. संघाने त्या हंगामात 38 सामन्यांत फक्त 15 गोल होऊ दिले. इथे चेख मोठा होताच, पण त्याच्यापुढे उभी असलेली भिंतही काही कुडाची नव्हती.

सामना 0-0 सुटला तर? तर दोन्ही संघांची क्लीन शीट. क्रिकेटवाल्याला इथे हसू येतं. "दोघंही नापास, आणि दोघांनाही बक्षीस?" आत्याचा प्रश्न बिनतोड होता. पण बचावपटूच्या डोळ्यांनी पाहिलं तर ते दोघंही शंभर टक्के पास आहेत. नापास झाले ते आघाडीपटू, आणि त्यांचा पेपर वेगळा.

कोऱ्या कागदाची मर्यादा जगाला दाखवली ती स्वित्झर्लंडने. 2006 च्या विश्वचषकात हा संघ चार सामने खेळला. फ्रान्सशी 0-0. टोगोवर 2-0 ने विजय. दक्षिण कोरियावर 2-0 ने विजय. मग बाद फेरीत युक्रेनशी 0-0. चार सामने, चार क्लीन शीट, गोलरक्षक पास्कल त्सुबरब्यूलरच्या जाळ्याला चेंडूचा स्पर्श नाही. आणि मग शूटआउट आलं. युक्रेनचा सगळ्यात मोठा खेळाडू शेवचेन्को, त्याचीच पहिली पेनल्टी अडली. एवढं नशीब हात जोडून दारात उभं असताना स्विस खेळाडूंनी तीन पेनल्टी मारल्या आणि तिन्ही वाया घालवल्या. स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता स्वित्झर्लंड घरी गेलं. शूटआउटमधल्या फटक्यांनी क्लीन शीट बिघडत नाही, हा नियम त्यांच्या बाजूने होता. त्यामुळे कागद कोरा राहिला आणि विमानाचं तिकीटही निघालं. गोल न खाणं ही अर्धी गोष्ट झाली. घालावाही लागतो, ही उरलेली अर्धी स्विस मंडळी विसरली.

उरला नटमेग. धावफलकावर याला जागा नाही, पण प्रेक्षकांच्या आठवणीत याचीच जागा सगळ्यात मोठी. समोर उभ्या असलेल्या खेळाडूच्या दोन पायांमधून चेंडू काढायचा आणि त्याला वळसा घालून तोच चेंडू पलीकडे पुन्हा ताब्यात घ्यायचा, हा नटमेग. पायांमधून पास दिला किंवा गोल मारला तरी त्यालाही नटमेगच म्हणतात, पण जाणकारांना खरी चव पहिल्या प्रकारात लागते. नटमेग म्हणजे आपलं जायफळ, हे ऐकून आत्याच्या डोळ्यांपुढे श्रीखंड आलं. जायफळाचा इथे काय संबंध, यावर इंग्रजांचंही एकमत नाही. जायफळ सोन्याच्या भावाने विकलं जाई तेव्हा लबाड व्यापारी पोत्यात लाकडाची खोटी जायफळं मिसळत, आणि ज्याच्या गळ्यात ती पडत तो फसला, अशी एक कथा आहे. खरी असो वा नसो, मैदानावर ती शोभते. फ्रेंच लोक याच प्रकाराला छोटा पूल म्हणतात आणि स्पॅनिश लोक नळी. भाषा कोणतीही असो, हसायचं कुणाला हे सगळीकडे ठरलेलं आहे.

हे घडतं कसं, ते नीट पाहण्यासारखं आहे. फुटबॉलचा व्यास साधारण 22 सेंटिमीटर. स्थिर उभ्या माणसाच्या पायांत एवढी फट सहसा नसते. ती त्याने उघडावी लागते, आणि आक्रमकाचं सगळं कसब ती उघडायला लावण्यात आहे. तो चेंडू किंचित एका बाजूला दाखवतो, आता सुटतोय असं भासवतो. बचावपटूला मोह होतो आणि तो एक पाय पुढे टाकतो. पाय पुढे गेला की शरीराचा भार मागच्या पायावर येतो, मधली कमान उघडते, आणि तो पाय परत येईपर्यंत ती मिटत नाही. त्याच अर्ध्या क्षणात चेंडू आरपार जातो. पुढे आणखी वाईट घडतं. आक्रमक समोर धावतच असतो, पण बचावपटूला आधी थांबून, मग पाठ फिरवून, मग पळायला सुरुवात करायची असते. तोवर पाहुणे घरात शिरलेले असतात. म्हणूनच प्रशिक्षक सांगतात, की अंग तिरकं ठेवून उभं राहा, लहान पावलं टाका आणि चेंडूवर झेप घेऊ नका. ऐकतात सगळे. पण समोर चेंडू नाचायला लागला की पाय आपोआप पुढे जातो.

नटमेग झाल्याची खूण सोपी आहे. चेंडू दिसला नाही तरी चालेल, प्रेक्षकांचा आवाज ऐका. गोलाला गर्जना होते, नटमेगला खिदळणं ऐकू येतं.

आता हे चारही शब्द एकाच सामन्यात मांडून पाहू. 15 एप्रिल 2015, पॅरिस. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीतला पहिला सामना, पॅरिस सें-जर्मां विरुद्ध बार्सिलोना. 18 व्या मिनिटाला नेमारने बार्सिलोनाचा पहिला गोल केला. थोड्याच वेळात पॅरिसचा कर्णधार थियागो सिल्वा दुखापतीमुळे बाहेर गेला आणि त्याच्या जागी आला दाविद लुईझ. डोक्यावर कुरळ्या केसांचं टोपलं आणि अंगावर जगातला सर्वांत महागडा बचावपटू हा किताब. तो स्वतःही नुकताच दुखापतीतून उठला होता. समोर होता उरुग्वेचा लुईस सुआरेझ. हा गृहस्थ आदल्या वर्षीच्या विश्वचषकात इटलीच्या खेळाडूला चावला होता आणि त्यासाठी चार महिन्यांची बंदी भोगून आला होता. दातांचा हिशोब संपवून तो आता पायांच्या हिशोबाला लागला होता.

67 व्या मिनिटाला सुआरेझला उजव्या बाजूला चेंडू मिळाला. दाविद लुईझ पुढे आला, पाय फाकले, चेंडू मधून पार. सुआरेझ आत घुसला आणि गोल. नटमेग एक, गोल एक. लुईझने यातून काही शिकावं अशी अपेक्षा करणं रास्त होतं. 79 व्या मिनिटाला सुआरेझ पुन्हा त्याच्यासमोर आला. लुईझचे पाय पुन्हा फाकले, चेंडू पुन्हा मधून पार, आणि या वेळी सुआरेझने तो वळवून थेट गोलच्या वरच्या कोपऱ्यात टाकला. नटमेग दोन, गोल दोन. म्हणजे सुआरेझचा ब्रेस, आणि दोन्ही गोल एकाच माणसाच्या पायांखालून गेलेले.

"त्या कुरळ्याला कुणीतरी घरी बोलवा रे," आत्या कळवळून म्हणाली. हा सामना तिला मी नंतर कधीतरी दाखवत होतो, तरी तिची तळमळ ताजी होती.

धावफलक आता 0-3. अकरा मिनिटं शिल्लक. सुआरेझला हॅटट्रिकची आशा आणि गोलरक्षक टेर श्टेगनला क्लीन शीटची. दोघांनाही हवं ते मिळालं नाही. सुआरेझला तिसरा गोल जमला नाही. आणि 82 व्या मिनिटाला पॅरिसच्या व्हान डर वीलने फटका मारला, तो बार्सिलोनाचाच बचावपटू जेरेमी माथ्यू याला लागून बार्सिलोनाच्याच जाळ्यात गेला. नोंद झाली स्वयंगोल अशी. पॅरिसचा एकही खेळाडू नोंदवहीत गोल करणारा म्हणून आला नाही, तरी टेर श्टेगनचा कागद डागाळला तो डागाळलाच. क्लीन शीटला डाग कुणी पाडला याची चौकशी नसते. डाग पडला की नाही, एवढंच पाहतात. सामना 1-3.

सहा दिवसांनी बार्सिलोनात परतीचा सामना झाला. नेमारने पहिल्याच अर्धात दोन गोल केले आणि बार्सिलोना 2-0 ने जिंकलं. म्हणजे नेमारचा ब्रेस आणि टेर श्टेगनची क्लीन शीट, आठवड्याच्या उशिराने का होईना. इथे एक कसोटीचा प्रश्न. नेमारचा पॅरिसमधला एक आणि इथले दोन धरून तीन गोल झाले, तर हॅटट्रिक झाली का? नाही. दोन्ही सामन्यांच्या गोलांची बेरीज करून पुढच्या फेरीत कोण जाणार ते ठरतं, पण ब्रेस आणि हॅटट्रिक यांचं खातं सामना संपला की बंद होतं. आत्याने हे उत्तर मी सांगायच्या आधी दिलं. "कसोटीच्या दोन डावांत मिळून शंभर झाले तर शतक म्हणतात का?"

नव्या प्रेक्षकाला एकच विनंती. घरी सामना पाहताना एखादा खेळाडू दोनावर पोचला की लगेच हॅटट्रिकचं भाकीत करू नका, आणि 85 व्या मिनिटाला क्लीन शीट हा शब्द तोंडातून काढू नका. त्यामुळे गोल होतो असं शास्त्र सांगत नाही, पण खोलीतली माणसं तुम्हालाच जबाबदार धरतील. नटमेगला मात्र मनसोक्त हसा. त्याचा धावफलकावर काही परिणाम होत नाही, आणि फजिती दुसऱ्याची असते. ऑफसाइडचं विचाराल तर तो नियम समजून घेण्याची घाई करू नका. तो समजलेली माणसंसुद्धा दर सामन्यात त्यावरून भांडतात.